इंजिनिअरिंग सोडून डिझाइनला जायचंय: आई-बाबांना पत्र कसं लिहावं

प्रश्न: मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. पहिल्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटलेत. प्रॉडक्ट डिझाइनला जायचं मी नक्की केलंय, पण घरी विषय काढला की वाद होतो. म्हणून आई-बाबांना पत्र लिहायचंय. ही लहर नाही, विचार करून घेतलेला निर्णय आहे, हे पत्रातून कसं दाखवू? नमुना दिलात तर बरं होईल.

उत्तर:

अशा पत्राला आई-वडील जवळजवळ नेहमी एकच उत्तर देतात: "आधी ही डिग्री पूर्ण कर, मग काय करायचं ते कर." हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत तो बरोबरही असतो. म्हणून पत्र लिहिण्याआधी कागद घेऊन हा पर्याय तुझ्या बाबतीत बरोबर आहे का, ते तपास. तुझ्या पत्राचा कणा तोच. आवड, स्वप्न, जीव रमणं हे सगळं त्यानंतर.

हिशोब सोपा आहे. समज, दोन्हीकडची पदवी चार वर्षांची आणि डिझाइनची पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची. पहिलं वर्ष संपवून तू बाहेर पडलीस तर पुढे चार वर्षं लागतील. इंजिनिअरिंग पूर्ण करून मग डिझाइनला गेलीस तर उरलेली तीन आणि वरची दोन, म्हणजे पाच. आत्ता बदलण्यात एक वर्ष वाचतं. दुसरं वर्ष संपल्यावर सोडलंस तर दोन्हीकडे चारच वर्षं लागतात. वेळ काही वाचत नाही आणि हातात दोनऐवजी एकच पदवी राहते. तिसऱ्या वर्षानंतर सोडणं तर उलट महाग पडतं, कारण पदवी आणि पदव्युत्तर मिळून तीनच वर्षं उरलेली असतात. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं हाच प्रश्न विचारला असता, तर पदवी पूर्ण कर असंच सांगावं लागलं असतं.

यातून तुझ्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. डिझाइनचे प्रवेश बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच होतात आणि प्रवेश परीक्षेचे अर्ज वर्ग सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी बंद होतात. "एक वर्ष थांबून बघ" हा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण त्या वर्षात तू दुसरं वर्ष पूर्ण करशील आणि आत्ता बदलण्याचा फायदा शून्यावर येईल. म्हणजे यंदाची अर्जाची तारीख चुकली तर पत्रातला मुख्य युक्तिवादच गळून पडतो. आज पहिलं काम म्हणजे ती तारीख शोधणं. त्याबरोबर वयाची अट, बारावीची परीक्षा कोणत्या वर्षी दिलेली असावी याची अट आणि परीक्षा जास्तीत जास्त किती वेळा देता येते, हेही माहितीपत्रकातून वाचून घे. या अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात. एखाद्या ठिकाणी तू पात्रच नसलीस, तर ते घरच्या बैठकीत कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

"माझं इंजिनिअरिंगचं एक वर्ष तिकडे धरलं जाईल" असं पत्रात लिहू नकोस. गणित किंवा ड्रॉइंगसारख्या एखाद्या विषयात सवलत मिळू शकते, पण पूर्ण वर्ष सहसा वाचत नाही, कारण डिझाइनचं पहिलं वर्ष पायाभूत असतं आणि पुढचे स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष डिझाइन करत शिकायचे वर्ग, त्याच्यावर उभे असतात. १९१९ मध्ये जर्मनीत वायमारला बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली तेव्हा चित्रकार योहानेस इट्टेन यांनी तिथे रंग, आकार आणि साहित्य हाताळायला शिकवणारा प्राथमिक वर्ग घ्यायला सुरुवात केली. पुढे तो वर्ग सगळ्यांना सक्तीचा झाला आणि जगभरच्या डिझाइन शाळांनी आपापल्या परीनं तो उचलला. हे वर्ष चुकवता येत नाही असं धरूनच वरचा हिशोब मांडला आहे.

आता विचार केल्याचा पुरावा. पोर्टफोलिओत छान रेखाटनं असणं हा पुरावा नव्हे. डिझाइनचं कंटाळवाणं काम तू करून पाहिलंस का आणि त्यानंतरही ते हवंसं वाटतं का, हे दिसायला हवं. कंटाळवाणं काम म्हणजे एकाच वस्तूची तिसरी आवृत्ती करणं, लोक ती कशी वापरतात ते गप्प बसून बघणं आणि आपलं मॉडेल दुसऱ्यानं चुकीचं ठरवलं की ते मोडून पुन्हा बांधणं. यासाठी एक छोटी वस्तू घे. पाच-सहा जणांना त्यांची अडचण विचार, पण त्याहून जास्त त्यांचे हात बघ. भिडस्त माणूस "बरं आहे की" म्हणतो आणि त्याच वेळी दाताने पाकीट फाडत असतो. पुठ्ठा, फोमबोर्ड, माती यांपासून मॉडेल कर. थ्रीडी प्रिंटरची घाई नको, कारण गुळगुळीत दिसणाऱ्या वस्तूवर लोक खरं बोलत नाहीत. प्रत्येक आवृत्तीचे फोटो तारखेसह ठेव, बिघडलेल्या मॉडेलचे तर नक्कीच. हेच पुढे पोर्टफोलिओतही चालतं.

हे करून पाहिल्यावर काम नकोसं झालं तर पत्र लिहू नकोस. मग अडचण इंजिनिअरिंगची नसून कॉलेजची, विषयाची किंवा थकव्याची असण्याची शक्यता जास्त. अजून एक खूण सांगते: इंजिनिअरिंगमधलं काय सोबत न्यावंसं वाटतं, या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर हवं. काहीच न्यावंसं वाटत नसेल तर ते पळून जाणं आहे. आई-वडिलांना ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

हे सगळं धरून पत्र असं होईल. तपशील तुझे घाल.

*

प्रिय आई आणि बाबा,

सा. न.

मला इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष पूर्ण करून प्रॉडक्ट डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीला जायचं आहे. तुम्ही आजच हो म्हणावं असं मी म्हणत नाही. या पत्रातून एकच गोष्ट मागते आहे: प्रवेश परीक्षेचा अर्ज भरू द्या. अर्ज भरल्यानं माझा कॉलेजचा प्रवेश जात नाही. निकाल आला की आपण पुन्हा बसून ठरवू.

पहिल्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटले आहेत, गुणपत्रिका सोबत जोडली आहे. दुसऱ्या सेमिस्टरचा अभ्यास मी सोडलेला नाही आणि परीक्षा पूर्ण तयारीनं देणार आहे. अभ्यास झेपत नाही म्हणून मी निघालेली नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंग, वर्कशॉप आणि मटेरियल्स मला आवडतात आणि ते तिन्ही नव्या अभ्यासक्रमातही लागतात. मला पुढचे प्रश्न वेगळे पडतात. एखाद्या झाकणाला किती जोर लागेल हे आम्ही काढतो. ते झाकण उघडणाऱ्याच्या हातात तेवढा जोर आहे का, हे मला शिकायचं आहे. प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे वस्तूचं सुंदर चित्र काढणं नव्हे. माणूस वस्तू कशी धरतो, कुठे चुकतो, ती कशाची आणि कशी बनवावी, हे ठरवण्याचं ते काम आहे.

आई, आजीला स्ट्रिपमधून गोळी काढता येत नाही आणि तू ती काढून वाटीत ठेवतेस, हे तुला माहीतच आहे. त्यावर मी एक साधन करून पाहिलं. पहिल्या मॉडेलमध्ये चिमट्यासारखी दोन टोकं होती. जोर एका बिंदूवर यायचा आणि मध्ये रेघ असलेली गोळी दोन तुकडे होऊन उडायची. दुसऱ्यात मी दाबायचा भाग रुंद केला आणि खाली भोकाची पट्टी व तिच्याखाली वाटी दिली. गोळ्या मोडणं थांबलं, पण लहान गोळ्यांच्या स्ट्रिपला भोक मोठं पडायचं. गोळीच्या कडेजवळ आधार नसला की फॉइल फाटत नाही, अख्खी स्ट्रिपच वाकते. तिसऱ्यात दोन मापांची भोकं केली आणि अंगठ्याऐवजी तळहातानं दाबता येईल असा वरचा भाग रुंद केला. आजीनं आणि तिच्या ओळखीच्या आणखी चौघांनी वापरून पाहिलं. चौघांना जमलं. एकीला स्ट्रिप कुठल्या बाजूनं ठेवायची ते कळलं नाही, आणि ते अजून सुटलेलं नाही. कॅप्सूलही यातून नीट निघत नाही, ती चेपते. फोटो आणि नोंदी सोबत आहेत. डिझाइनचं काम करणाऱ्या एकांना हे दाखवलं. त्यांचे आक्षेप मी त्यांच्याच शब्दांत मागच्या पानावर लिहिले आहेत.

बाबा, तुम्ही म्हणाल की आधी ही पदवी पूर्ण कर. मी तो पर्याय मांडून पाहिला. पदवी आणि मग डिझाइनची पदव्युत्तर पदवी केली तर इथून पुढे पाच वर्षं लागतात, आत्ता बदललं तर चार. त्याशिवाय त्या वाटेनं मला स्टुडिओची दोनच वर्षं मिळतात, या वाटेनं चार. पण त्या वाटेचा एक फायदा खरा आहे: हातात इंजिनिअरची पदवी राहते. मी आत्ता गेले तर ज्या नोकऱ्यांना ती पदवी लागते, त्या मला कायमच्या बंद होतील. हे नुकसान मला कळतं आणि मी ते धरून चालले आहे.

नोकरीबद्दल मी सर्वोच्च पगाराचे आकडे लिहीत नाही. तीन संस्थांना मी विचारलं आहे की गेल्या वर्षी किती जण उत्तीर्ण झाले, किती जणांनी नोकरीसाठी नाव नोंदवलं, किती जणांना मिळाली आणि मधल्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला. दोघांनी उत्तर दिलं, ते जोडलं आहे. तिसऱ्या संस्थेनं दिलं नाही, म्हणून ती यादीतून काढली.

खर्चाचा कागद वेगळा आहे. पहिल्या वर्षाची भरलेली फी त्यात मी वेगळी दाखवली आहे, कारण मी राहिले तरी ती परत येणार नाही आणि गेले तरी नाही. पण ती तुम्ही भरली आहे, हे मी विसरलेले नाही.

यादीतल्या दोन संस्थांपैकी एकीत प्रवेश मिळाला आणि खर्च कागदावरच्या मर्यादेत बसला, तरच मी बदलेन. नाहीतर इंजिनिअरिंग चालू ठेवीन, पदवी पूर्ण करेन आणि मग पदव्युत्तरचा प्रयत्न करेन. प्रवेश मिळाला नाही म्हणून वर्ष रिकामं घालवणार नाही.

अर्जाची शेवटची तारीख कागदावर वर लिहिली आहे. तुम्ही वाचा, प्रश्न लिहून ठेवा. पुढच्या रविवारी आपण बसू.

तुमची लेक

*

या पत्रात मागणी पहिल्या परिच्छेदात आहे आणि ती लहान आहे, हे लक्षात घे. "मला कोर्स बदलायचाय, परवानगी द्या" अशी मागणी केली की समोरच्याला पुढच्या चार वर्षांवर एकाच वेळी हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि घाबरलेला माणूस नाहीच म्हणतो. अर्ज भरणं हे मागे घेता येणारं पाऊल आहे.

गुणपत्रिका दुसऱ्याच परिच्छेदात येते, कारण "ही नापास तर होत नाहीये ना" हा प्रश्न मनात असेपर्यंत पुढचं काहीच वाचलं जात नाही. एखादा विषय राहिला असेल तर तोही तिथेच लिही आणि कधी सोडवणार ते लिही. लपवलेला विषय नंतर कळला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

गोळीच्या साधनाचा परिच्छेद मुद्दाम मोठा ठेवला आहे. त्यात न सुटलेल्या दोन गोष्टी आहेत, त्या काढू नकोस. सगळं जमलं असं लिहिलं तर ते शाळेच्या प्रदर्शनासारखं वाटतं. कुठे अडलं ते लिहिलं की वाचणाऱ्याला काम दिसतं. पत्रात प्रसिद्ध माणसांची नावं घालायचा मोह होईल. डॉन नॉर्मन हे विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन मानसशास्त्राकडे वळले आणि डिझाइनमध्ये मोठं नाव झालं, हे खरं आहे. पण त्यांनी इंजिनिअरिंग पूर्ण केलं होतं, म्हणजे ते उदाहरण बाबांच्या बाजूचं आहे. अशी उदाहरणं बहुतेक वेळा उलटतात, म्हणून एकही घालू नये.

खर्चाच्या कागदावर दोन उभ्या रांगा पुरेत: एकीत इंजिनिअरिंग आणि पदव्युत्तर, दुसरीत आत्ताच बदल. आडव्या ओळींत वर्षवार फी, राहणं-खाणं, आणि डिझाइनच्या बाजूला मॉडेलचं साहित्य, छपाई आणि चांगला लॅपटॉप. साहित्याचा खर्च विद्यार्थी जवळजवळ नेहमी विसरतात आणि तो दर सेमिस्टरला येतो. खाली पहिली कमाई कोणत्या वर्षी सुरू होईल ते दोन्ही रांगांत लिही. शैक्षणिक कर्ज असेल तर एक ओळ त्याची. कर्ज विशिष्ट संस्थेच्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी मंजूर झालेलं असतं, ते आपोआप नव्या कोर्सला लागू होत नाही, आणि सहकर्जदार म्हणून सही बहुधा आई किंवा बाबांचीच असते. बँकेत जाऊन विचारल्याशिवाय ही ओळ भरू नकोस. शिष्यवृत्ती असेल तर कोर्स सोडल्यावर ती परत करावी लागते का, आणि नव्या कोर्सला पुन्हा मिळते का, हेही लेखी विचारून घे.

पत्र छापून किंवा हातानं लिहून दोघांना एकत्र दे. मोबाइलवर पाठवू नकोस. एक जण आधी वाचतो, दुसऱ्याला स्वतःच्या शब्दांत सांगतो आणि तुझा हिशोब वाटेतच हरवतो. निकालाच्या दिवशी किंवा भांडणानंतर देऊ नकोस. शेवटच्या तारखेआधी निदान तीन आठवडे दे. चार दिवस आधी दिलेलं पत्र कितीही नीट लिहिलं असलं तरी धमकीसारखं वाचलं जातं.

आणि पुढे होकार मिळाला तरी नव्या संस्थेची जागा पक्की होऊन फी भरल्याची पावती हातात येईपर्यंत कॉलेजचा प्रवेश रद्द करू नकोस. कॉलेजकडे ठेवलेली मूळ कागदपत्रं परत मिळायला वेळ लागतो, आणि नवी संस्था पडताळणीला तीच मागते. म्हणून ती मिळवायला किती दिवस लागतात आणि कोणती थकबाकी चुकती असावी लागते, हे कार्यालयात आधीच विचारून ठेव. प्रवेश रद्द केल्यावर फीपैकी काय परत मिळतं हे तारखेवर अवलंबून असतं. तो तक्ताही खर्चाच्या कागदाला जोड.